एक गट, एक धंदा: परभणीच्या बचत गटापुढचे भाषण आणि फळ्यावरचा हिशेब

महिला बचत गटाची बचत आणि अंतर्गत कर्जाची देवघेव दोन-तीन वर्षे सुरळीत चालली की बैठकीत धंद्याचा विषय निघतोच. परभणी जिल्ह्यातल्या गावांत अशा वेळी दोन शब्द सांगायला बहुधा निवृत्त गुरुजींना किंवा शाळेच्या जुन्या बाईंना बोलावले जाते. गटातल्या काही जणी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या असतात, उरलेल्यांची मुले शिकलेली असतात, आणि सरकारी कागद वाचून त्याचा अर्थ सांगण्याची त्यांना सवय असते. याहून महत्त्वाचे कारण सहसा बोलून दाखवले जात नाही. धंद्याबद्दल बोलायला गटापुढे जे इतर लोक येतात त्या बहुतेकांना काही ना काही खपवायचे असते. यंत्र विकणाऱ्याला यंत्र, प्रशिक्षण देणाऱ्याला प्रशिक्षण, कर्जाचे उद्दिष्ट असणाऱ्याला कर्ज. निवृत्त शिक्षकाला काहीच विकायचे नसते.

पण त्याची एक अडचणही असते. त्याचा जन्म महिन्याच्या पगारावर गेलेला असतो. माल पडून राहणे, उधारी बुडणे, भाव उतरणे हे त्याने दुसऱ्याच्या घरात पाहिलेले असते, स्वतःच्या नाही. म्हणून अशी भाषणे बऱ्याचदा दोन वाटांनी भरकटतात: एक योजनांच्या यादीची, दुसरी लांबच्या यशोगाथांची. दोन्ही ऐकायला बऱ्या लागतात, पण बैठक उठताना ‘मग आपण करायचं काय’ हा प्रश्न होता तिथेच असतो. शिक्षकाला जे खरोखर येते ते फळ्यावर सगळ्यांसमोर हिशेब मांडणे. धंद्याची निवड त्या हिशेबाने कशी व्हावी, याचाच हा आढावा आहे.

सामाईक कशाला

महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासून काम करते. नाबार्डने गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू केला, आणि राज्याचे ‘उमेद’ अभियान २०११ पासूनचे. गट दहा ते वीस बायकांचा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाची वही ही त्याची पंचसूत्री. ही सगळी रचना बचतीसाठी आणि एकेकीला लागणाऱ्या कर्जासाठी बांधलेली आहे. गटातून उचललेला पैसा बी-बियाण्याला, दवाखान्याला, मुलांच्या फीला किंवा एखाद्या शेळीला जातो, आणि ज्या बाईने उचलला तीच तो फेडते. सामाईक धंद्यात मात्र गटच मालक, गटच मजूर आणि गटच सावकार होतो. बचतीत उत्तम चाललेले गट धंद्यात मोडतात ते याच गुंत्यात.

त्यामुळे भाषणातला पहिला प्रश्न ‘कोणता धंदा’ हा नसून ‘हा धंदा एकत्र करून फायदा कशात’ हा असायला हवा. एकत्र येण्याने तीनच गोष्टी साधतात. कच्चा माल मोठ्या प्रमाणात घेता येतो, एकीला न परवडणारे यंत्र घेता किंवा भाड्याने लावता येते, आणि एकीच्या हातून न होणारी मोठी ऑर्डर पुरी करता येते. यातले एकही लागू होत नसेल तर तो धंदा एकेकीनेच करावा आणि गटाने फक्त कर्ज द्यावे. शेळ्या हे त्याचे सरळ उदाहरण. वीस शेळ्या एका गोठ्यात बांधल्या तर चाऱ्याची पाळी कोणाची आणि पिल्लू दगावले तर दोष कोणाचा, यावर वर्षभर भांडण चालते. त्याच शेळ्या दारोदार वाटल्या तर प्रत्येकीची शेळी नीट सांभाळली जाते. शिलाईचेही तसेच. गावातली ब्लाऊज शिवणारी एकटीच बरी. गणवेशाची शे-दोनशेची ऑर्डर आली तरच चार यंत्रे एकत्र आणण्यात अर्थ असतो.

दुसरा प्रश्न ‘एकच का’. बारा बायका महिन्याला शंभर रुपये टाकतात असे धरले तर तीन वर्षांत ४३,२०० रुपये जमतात, त्यावर थोडे व्याज. त्यातला निम्मा पैसा कायम कर्जाऊ बाहेर असतो. म्हणजे धंद्याला मोकळे हाताशी येतात वीस-पंचवीस हजार. तीन मैत्रिणींच्या तीन आवडी सांभाळायला त्याचे तीन वाटे केले तर कुठल्याच धंद्यात दुसऱ्यांदा माल भरण्याइतका पैसा उरत नाही. पहिला माल विकून पैसे हाती येईपर्यंत दुसरा माल भरता आला पाहिजे, नाहीतर आलेले गिऱ्हाईक दुसऱ्या खेपेला रिकाम्या हाताने परत जाते.

लिज्जत पापडाची गोष्ट अशा भाषणात हमखास येते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. सांगण्यासारखा भाग त्यापुढचा आहे. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली आणि ती ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. म्हणजे गिऱ्हाईक आधीपासून ठरलेले होते. पुढे संस्थेने आगपेटी, अगरबत्ती अशा इतर वस्तूही करून पाहिल्या. त्या चालल्या नाहीत. पापड चालला आणि संस्थेचे नाव त्याच्याशीच जोडले गेले. ऐंशी रुपयांच्या भांडवलाचे कौतुक करताना ही बाजू बहुधा राहून जाते.

हात कधी मोकळे

धंदा कागदावर कितीही चांगला असो, हात मोकळे नसतील तर तो होत नाही. परभणी जिल्ह्यात बायकांचे वर्ष शेतीवर बांधलेले आहे. जुलै-ऑगस्टात खुरपणी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, त्याला लागूनच कापसाची वेचणी, ती पुढे जानेवारीपर्यंत रेंगाळते. डिसेंबर-जानेवारीत तूर, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि रब्बी ज्वारी. काही गावांतली कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा गावात गटातल्या किती जणी डिसेंबरात हजर असतील हे आधी मोजावे लागते. सगळ्यांना सवड असते ती एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत. ऊन कडक, म्हणून वाळवणाला उत्तम. पण पाण्याची ओढाताणही तेव्हाच.

त्यात मजुरीची स्पर्धा असते. वेचणी किलोवर असते आणि चपळ हाताच्या बाईला त्यात चांगले पैसे सुटतात. त्या दिवसांत गटाच्या कामाला या म्हटले तर कोणी येणार नाही, आणि येऊही नये. म्हणून गटाचा धंदा दोनपैकी एका घडीत बसायला हवा. एक तर त्याचे काम संध्याकाळी घरी बसून होणारे असावे, किंवा शेतीचे काम ओसरल्यावर दोन-तीन महिन्यांत उरकणारे असावे. वर्षाचे बारा महिने, रोज सकाळी दहा ते पाच असे काम मागणारा धंदा परभणीच्या कोरडवाहू गावात वेचणीच्या पहिल्याच हंगामात बंद पडतो.

या दोन चाळण्या लावल्या की बैठकीत निघणाऱ्या नावांपैकी बरीच आपोआप गळतात. उरतात ती साधारण चार: उन्हाळ्यातले वाळवण म्हणजे पापड, कुरडया, शेवया; काळा मसाला आणि येसूर; डाळ; आणि लग्नकार्याच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी. पाचवे एक नाव कोणीतरी घेतेच, ते म्हणजे पत्रावळी, अगरबत्ती किंवा कापूर-वातीचे यंत्र. त्यासोबत यंत्र विकणाऱ्याचे आश्वासन असते की तयार झालेला सगळा माल आम्हीच परत घेऊ. या आश्वासनाची कसोटी सोपी आहे. विकणाऱ्याची कमाई यंत्रावर होत असेल आणि मालावर नसेल, तर यंत्राचे पैसे हाती पडल्यावर त्याला माल घेण्याची गरज उरत नाही. पहिली एक-दोन पोती तो घेतो, तिसऱ्या खेपेला दर्जात खोट काढतो. ज्याला माल खरोखर हवा आहे तो बहुधा कच्चा माल स्वतः पुरवतो आणि मजुरी देतो. तसे करायला तयार नसलेल्याला नमस्कार करावा.

डाळीचा हिशेब

चारही धंद्यांपैकी डाळ सर्वांत पक्की वाटते. तूर दाराशी पिकते, डाळ प्रत्येक घरात रोज लागते, आणि ती लवकर खराब होत नाही. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे बीडीएन-७११ हे पांढऱ्या तुरीचे आणि बीएसएमआर-७३६ हे लाल तुरीचे वाण मराठवाड्यात ओळखीचे आहेत. हे केंद्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचेच. म्हणून या एका धंद्याचा हिशेब फळ्यावर पुरा मांडणे उपयोगाचे ठरते.

आधी काम काय ते पाहू. तूर चाळून, निवडून घ्यायची. यंत्राच्या रोळातून एकदा काढून टरफलावर चिरा पाडायच्या. मग क्विंटलला साधारण अर्धा किलोच्या आत खाद्यतेल चोळून रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, म्हणजे तेल टरफलाखाली उतरते. दोन-तीन दिवस उन्हात वाळवायची, पाण्याचा हलका हात देऊन पुन्हा झाकायची, पुन्हा वाळवायची, आणि शेवटी टरफल काढून भरडायची. जात्यावर भरडताना जुन्या बायका तेलाऐवजी लाल मातीचे पाणी लावत. हेतू तोच, टरफल सुटे व्हावे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल याच कामासाठी आहे, आणि तिच्यासारखी यंत्रे अनेक गावांत भाड्याने भरडून देतात.

आता आकडे. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीची हमी किंमत क्विंटलला ८,००० रुपये होती. तोच भाव धरू. बाकीचे आकडे नमुन्यादाखल आहेत, प्रत्येक गावाने आपले घालायचे. एका क्विंटलची भरडाई ५०० रुपये, तेल आणि वाहतूक मिळून २५०. निवडणे, तेल लावणे, वाळवणे, पाखडणे, पिशव्या भरणे यांत एका बाईचे तीन दिवस जातात असे धरले आणि रोज ३०० लावला, तर मजुरी ९००. क्विंटलमागे ७२ किलो डाळ पडली तर किलोच्या ७२ पिशव्या, तीन रुपये प्रमाणे २१६. एकूण ९,८६६. चुनी आणि कणी बारा किलो निघाली, ती वीस रुपयांनी गुरांसाठी विकली, २४० आले. राहिले ९,६२६. त्याला ७२ ने भागले की डाळ किलोला सुमारे १३४ रुपयांना पडते.

ही डाळ घरोघरी १४० ने विकली तर १०,०८० येतात आणि ४५४ रुपये उरतात. किराणा दुकानदाराने १२० ने मागितली तर ८,६४० येतात आणि ९८६ चा तोटा होतो. एकच डाळ, एकाच दिवशी भरडलेली. कोणाला विकली यावर सगळे ठरते.

या हिशेबात सर्वांत जास्त फसवणारी ओळ मजुरीची. ‘आपलेच तर हात आहेत, त्याचे काय पैसे धरायचे’ असे बैठकीत कोणीतरी म्हणतेच, आणि ९०० ची ओळ पुसली जाते. मग डाळ किलोला सुमारे १२१ ला पडते, दुकानदाराचे १२० ऐकून किलोमागे रुपयाच तर कमी असे वाटते आणि व्यवहार होतो. प्रत्यक्षात तीन दिवसांची मजुरी फुकट गेलेली असते आणि वर ८६ रुपयेही गेलेले असतात. असे दोन महिने चालले की आधी एक बाई यायची थांबते, मग दुसरी, आणि कारण विचारले तर सासूची तब्येत सांगितली जाते. मजुरी फळ्यावर लिहून ती दर आठवड्याला रोख वाटली तर हे टळते. नफा असो की नसो, काम केलेल्या बाईला तिचा रोज मिळतो, आणि तो देता येत नसेल तर धंदा तोट्यात आहे हे दुसऱ्याच आठवड्यात कळते.

दुसरी नाजूक ओळ उताऱ्याची. ७२ च्या जागी ६८ किलो डाळ पडली, चुनी-कणी चार किलोने वाढली असे धरून तोच हिशेब पुन्हा केला, तर खर्च ९,५३४ होतो आणि १४० च्या भावानेही ९,५२० च येतात. चार किलोच्या फरकात सगळा नफा जाऊन चौदा रुपये अंगावर पडतात. उतारा घटण्याची कारणे बहुतेक वेळा खरेदीतच असतात: अपक्व, सुरकुतलेला दाणा, भुंगेऱ्याने भोक पाडलेला दाणा, ओलावा. दाणा दाताखाली धरला की कोरडी तूर कट्‌कन फुटते; ओली असेल तर दबते, आणि अशी तूर भरडताना तुकडे जास्त पडतात. मूठभर तूर पाण्यात टाकली तर पोकळ दाणे वर येतात. पण खरी परीक्षा दहा किलोची. ज्या शेतकऱ्याकडून घ्यायची त्याची दहा किलो तूर आधी भरडून डाळ, कणी, चुनी वेगवेगळी तोलावी, आणि मगच पोत्यांचा सौदा करावा.

तिसरी गोष्ट खपाची. क्विंटलमागे ४५४ उरतात म्हणून महिन्याला पाच क्विंटल करायचे ठरवले तर ३६० किलो डाळ विकावी लागेल. पाच माणसांच्या घरात महिन्याला साडेतीन किलोच्या आसपास तुरीची डाळ लागते असे धरले तर ही शंभर घरे झाली, आणि तीही दर महिन्याला. तूर पिकवणाऱ्या गावात ही शंभर घरे मिळत नाहीत, कारण तिथे ज्याची त्याची डाळ घरचीच असते. गिऱ्हाईक परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूर अशा गावांच्या नोकरदार वस्त्यांत आहे, खानावळींत आहे. तिथवर दर महिन्याला जाणारे कोणी गटात आहे का, हा प्रश्न यंत्राच्या किमतीआधी विचारावा लागतो. नसेल तर डाळ विकण्याचा धंदा त्या गटाचा नाही.

मात्र याच हिशेबातून दुसरा धंदा समोर येतो. गावातल्या घरांची डाळ घरचीच असेल, तर ती भरडून द्यायला कोणीतरी लागते. गटाने तूर विकत न घेता लोकांची तूर भरडून दिली तर क्विंटलला ५०० रुपये मिळतात, तुरीत पैसा अडकत नाही, भाव पडला तरी गटाला झळ नाही, उधारीही कमी, कारण डाळ न्यायला आलेला माणूस पैसे देऊनच नेतो. हंगाम जानेवारी ते एप्रिल, म्हणजे वेचणी सरत आल्यावर. शंभर घरांची एकेक क्विंटल आली तर पन्नास हजारांचे काम. त्यातून वीज, पट्टे, दुरुस्ती, चालवणाऱ्या बाईचा रोज आणि कर्जाचा हप्ता जायचा. इथे धोका यंत्राचा: जवळच्या गावात आधीच मिल असेल तर शंभर घरे पन्नास होतात, आणि वीज केव्हा येते-जाते यावर दिवसाचे काम ठरते. म्हणून यंत्र घेण्याआधी गटाने घरोघर जाऊन यंदा किती तूर भरडायची आहे, गेल्या वर्षी कुठे भरडली आणि काय दर दिला, हे तीन प्रश्न विचारून वहीत उतरवावेत. बारा जणींना एका रविवारी होणारे हे काम आहे.

वाळवण आणि मसाला

पापडाचे गणित वेगळ्या जागी अडते. ज्वारीच्या पापडाला, कुरडयांना कच्चा माल स्वस्त आणि हाताचे काम भरपूर, म्हणजे पैसा थोडा आणि मजुरी जास्त. मजुरी गटातच राहते म्हणून हा धंदा बायकांना धार्जिणा. अडचण सारखेपणाची. बारा घरांत लाटलेले पापड बारा जाडीचे, बारा मिठाचे होतात, आणि गिऱ्हाईकाला दुसऱ्या पाकिटात वेगळीच चव लागते. लिज्जतने यावर काढलेला तोडगा कोणत्याही गटाला उचलता येतो. पीठ एकाच जागी मळले जाते, सकाळी सगळ्या जणी ते तोलून घरी नेतात, लाटून वाळवलेले पापड दुसऱ्या दिवशी परत आणतात, तिथे ते तपासून तोलले जातात आणि वजनावर लाटणावळ मिळते. चवीची जबाबदारी एका जागी, श्रम घरोघरी, पैसा कामाच्या मापाने. कोणी किती काम केले हा वाद तागडीच मिटवते. वाळवण नीट झाले की नाही हे पापड मोडून कळते. वाकला तर आत ओल आहे आणि पावसाळ्यात त्याला बुरशी येणार.

मसाल्यात किलोमागचा नफा डाळीपेक्षा बराच जास्त ठेवता येतो, पण खप सावकाश. एका घराला महिन्याला पाव किलो मसाला पुष्कळ झाला, आणि प्रत्येक घराला आपलाच मसाला आवडतो. येसूर मराठवाड्याबाहेर फारसा ठाऊक नाही; तो विकला जातो तो पुण्या-मुंबईला गेलेल्या इकडच्या कुटुंबांत. ज्या गटातल्या दोन-चार जणींची अशी नातलग घरे आहेत त्यांनीच तो धरावा.

लग्नाच्या स्वयंपाकाला भांडवल सर्वांत कमी, कारण शिधा यजमानाचा असतो. तिथे कसोटी तिथींची: मुहूर्त ठरावीक महिन्यांत, आणि एका दिवशी दोन ऑर्डरी आल्या तर एक सोडावी लागते.

प्रदर्शनातल्या विक्रीवरून मात्र कोणताच धंदा ठरवू नये. परभणीच्या उरसात किंवा शहरातल्या महोत्सवात चार दिवसांत माल हातोहात जातो आणि गट हुरळतो. तिथे घेणारा पुन्हा भेटत नाही. धंदा चालतो तो दुसऱ्या महिन्यात परत आलेल्या गिऱ्हाईकावर.

चाचणी आणि ठराव

म्हणून निवड यंत्र घेऊन होत नाही, छोट्या खेपेने होते. एका क्विंटलची डाळ भाड्याच्या मिलवर, किंवा दहा किलोंचे पापड, महिनाभरात विकून पाहायचे. वहीत चार रकाने पुरतात: कोणी घेतले, किती, रोख की उधार, आणि परत मागितले का. शेवटच्या रकान्यात निम्म्याहून कमी नावे असतील तर माल, भाव किंवा वस्ती यांपैकी एक बदलून पुन्हा एक खेप करावी. उधारीची रक्कम हाती उरलेल्या भांडवलापेक्षा जास्त झाली असेल तर विक्री कितीही दिसली तरी थांबावे.

योजना या टप्प्यानंतर येतात. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. छोट्या उद्योगाला तिची फी वर्षाला शंभर रुपये. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा, आणि तागडी वैधमापनाकडून शिक्का मारलेली हवी. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रावर ३५ टक्के अनुदानाची आणि गटांना दर सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद ठेवण्यात आली. अनुदान यंत्राची किंमत कमी करते, शंभर गिऱ्हाईके आणून देत नाही. शासकीय पुरवठ्याच्या कामात बिल निघेपर्यंत दोन-तीन खेपांचा माल स्वतःच्या पैशाने भरावा लागतो, हेही त्याच वेळी सांगितलेले बरे.

राहिली निर्णयाची रीत. हात वर करून मत घेतले तर अध्यक्ष-सचिवांचा हात आधी वर जातो आणि बाकीचे त्यामागे. विशेषतः सुना सासवांसमोर आणि कर्जदार बाया कर्ज देणाऱ्यांसमोर वेगळा हात वर करत नाहीत. त्यापेक्षा चार धंद्यांच्या नावांचे चार डबे आतल्या खोलीत ठेवून प्रत्येकीला हरभऱ्याचे तीन दाणे द्यावेत आणि एकेकीने आत जाऊन टाकावेत. दाणे मोजल्यावर जे कळते ते बैठकीत बोलले गेलेल्यापेक्षा बऱ्याचदा निराळे निघते.

आणि सगळ्यांनी त्यात उतरलेच पाहिजे असे नाही. बँकेचे कर्ज गटाच्या नावावर असले की ते फेडण्याची जबाबदारी काम न करणारीवरही येते. बारापैकी सहाजणींनाच धंदा करायचा असेल तर त्या सहाजणींनी गटाकडून ठरलेल्या व्याजाने कर्ज घ्यावे, धंदा त्यांचा, नफा-तोटा त्यांचा. गटाला व्याज मिळते आणि उरलेल्या सहाजणींची बचत शाबूत राहते. ‘सगळ्या मिळून’ या शब्दांची भीड पडून हा मार्ग फार कमी गट घेतात.

बैठक संपण्याआधी ठराववहीत पाच गोष्टी उतरतात: चाचणीला किती पैसे, रोज किती, नफा कामाच्या दिवसांवर वाटायचा की सारखा, उधारी कोणाच्या परवानगीने, आणि किती तोटा झाला की थांबायचे. शेवटच्या नोंदीत आकडा असावा. वीस हजारांच्या मोकळ्या पैशात दोन हजारांचा तोटा झाला की पुढची खेप न करता बैठक बोलवायची, असे लिहून सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घेतले की पहिली तूर विकत घ्यायला हरकत नाही.